‘सकाळी आक्रमक’ अशी नोंद असलेल्या आजींचा वेदना-तक्ता

आजींच्या फाइलमध्ये पाठोपाठ एकच शेरा होता: ‘सकाळी आक्रमक. अंग पुसताना मारतात. सहकार्य नाही.’ वय ऐंशीच्या पुढे, अल्झायमर शेवटच्या टप्प्याकडे झुकलेला, बोलणं तीन-चार शब्दांवर आलेलं. दिवसभर खुर्चीत शांत बसत, जेवण भरवलं की खात. सकाळी अंग पुसून कपडे बदलताना मात्र ओरडायच्या आणि हाताला लागेल त्याला ओरबाडायच्या. त्यांना शांत करणारं औषध सुरू करावं का, असा विचार चालला होता. त्याआधी काही दिवस वेदना-तक्ता भरून पाहू, असं ठरलं. तो कसा भरला, त्यातून काय दिसलं आणि काय दिसलं नाही, ते इथे लिहितो आहोत.

आम्ही वापरतो तो तक्ता पेनॅड. व्हिक्टोरिया वॉर्डन, अ‍ॅन हर्ली आणि लाडिस्लाव व्होलिसर यांनी तो २००३ साली प्रगत डिमेन्शियाच्या रुग्णांसाठी प्रसिद्ध केला. त्यात पाहायच्या गोष्टी पाचच आहेत: श्वास, तोंडातून निघणारा त्रासाचा आवाज, चेहरा, अंगाची ठेवण आणि समजूत घातल्यावर शांत होणं. प्रत्येकाला ०, १ किंवा २ गुण, म्हणजे एकूण ० ते १०. पाच मिनिटं पाहायचं आणि गुण द्यायचे. सोपा असल्यामुळेच तो घाईत चुकीचा भरला जातो.

तक्ता हातात घेण्याआधी रुग्णाला विचारायचं, हा पहिला नियम. डिमेन्शिया आहे म्हणजे सांगता येणारच नाही, असं धरून चालत नाही. चष्मा आणि श्रवणयंत्र लावून, समोर बसून, छोटा प्रश्न विचारायचा: ‘दुखतंय का?’ मग थांबायचं. उत्तर यायला अर्धा-पाऊण मिनिट लागू शकतं आणि आपण तेवढ्यात दुसरा प्रश्न टाकून पहिला पुसून टाकतो. दुखऱ्या जागेवर हात ठेवून ‘इथे?’ असं विचारलं की काही जण मान हलवतात. अशा रुग्णाचं उत्तर तक्त्यापेक्षा वरचढ. आजींनी कुठल्याही प्रश्नाला ‘हो हो’ एवढंच उत्तर दिलं. ‘पाऊस पडतोय का?’ यालाही ‘हो हो’. त्यामुळे निरीक्षणावरच भिस्त ठेवावी लागली.

दुसरं काम घरच्या माणसांशी बोलणं. ‘त्यांना वेदना होतात का?’ हा प्रश्न निरुपयोगी, कारण त्याचं उत्तर प्रत्येक जण आपल्या मनाच्या चिंतेप्रमाणे देतो. ‘पूर्वी दुखायला लागलं की त्या काय करायच्या?’ हे विचारायचं. आजींच्या मुलीनं सांगितलं की दुखलं की आई चिडत नसे, दात आवळून गप्प व्हायची. आणि दहाएक वर्षांपूर्वी डावा खांदा आखडला होता, तेव्हा महिनोन्‌महिने डाव्या कुशीवर झोपायची नाही. खांद्याची ही गोष्ट फाइलमध्ये कुठेच नव्हती.

गुण देताना नेमकं काय धरायचं, हे आधी आपसांत पक्कं करून घ्यावं लागतं. श्वास सहज असेल तर ०. मधूनमधून जड झाला किंवा थोडा वेळ जोरजोरात चालला तर १. आवाज करत, कष्टानं, बराच वेळ धापा टाकत असेल तर २. आवाजात अधूनमधून कण्हणं किंवा पुटपुटत नाराजी दाखवणं हा १. पुन्हापुन्हा कासावीस होऊन हाका मारणं, मोठ्यानं विव्हळणं किंवा रडणं हे २. चेहरा हसरा किंवा निर्विकार असेल तर ०. उदास, घाबरलेला किंवा आठ्या पडलेला तर १. वेदनेनं वेडावाकडा झाला तर २. अंग सैल असेल तर ०. ताठरलेलं, चुळबुळणारं, अस्वस्थपणे येरझाऱ्या घालणारं असेल तर १. कडक झालेलं अंग, आवळलेल्या मुठी, पोटाशी घेतलेले गुडघे, हात झटकणं, ढकलणं, मारणं हे २.

शेवटचा रकाना सगळ्यांत जास्त चुकतो. समजूत घालण्याची गरजच पडली नाही तर ०. बोलण्यानं किंवा स्पर्शानं लक्ष वळलं, शांत वाटलं तर १. कशानंच शांत झाल्या नाहीत तर २. म्हणजे हा गुण देण्यासाठी आधी खरोखर समजूत घालून पाहावी लागते. आम्ही पाहिलेल्या बऱ्याच तक्त्यांत इथे सर्रास ० असतो, कारण कुणी प्रयत्नच केलेला नसतो. ओरडणाऱ्या माणसापुढे हा शून्य दिसला की तो तक्ता निरीक्षणातून नव्हे, आठवणीतून भरला आहे, हे ओळखावं.

मग प्रश्न येतो, पाहायचं कधी? हाच या सगळ्या प्रक्रियेचा गाभा आहे. बहुतेक ठिकाणी तक्ता सोयीच्या वेळी भरला जातो, म्हणजे औषधांची फेरी संपल्यावर, रुग्ण खुर्चीत किंवा अंथरुणात निवांत असताना. सांध्यांची, पाठीची, जुन्या फ्रॅक्चरची वेदना हालचालीत उसळते आणि स्थिर बसल्यावर ओसरते. निवांत माणसाचा तक्ता शून्यच दाखवणार. आजींचे आधीचे तक्ते चाळले तर त्यांत नेमकं हेच होतं: सगळे दुपारी भरलेले, सगळे ० किंवा १. आणि त्याच दिवसांच्या सकाळच्या नोंदीत ‘आक्रमक’.

आम्ही चार ठरलेल्या वेळा घेतल्या. सकाळी जागं झाल्यावर, हात लावण्याआधी. त्यानंतर अंग पुसून कपडे बदलताना. दुपारी जेवणानंतर खुर्चीत. आणि संध्याकाळी दिवेलागणीला. रात्री कूस बदलतानाचीही एक नोंद हवी होती, पण ती रोज जमली नाही. प्रत्येक नोंदीत एकूण गुणांबरोबर पाचही गुण वेगळे लिहायचे आणि त्या क्षणी नेमकं काय चाललं होतं ते एका ओळीत लिहायचं. ‘अंग पुसताना’ एवढं पुरत नाही. ‘डाव्या बाहीतून हात काढताना’ असं हवं.

सकाळच्या वेळी दोघं लागतात: एक काम करणारा, दुसरा फक्त पाहणारा. कुशीवर वळवताना काम करणाऱ्याला रुग्णाचा चेहरा दिसतच नाही, तो पाठीमागे असतो. पाहणाऱ्यानं चेहऱ्याच्या बाजूला, पण थोडं दूर उभं राहायचं. दुसरा माणूस नसेल तर काम संपल्या संपल्या तिथेच गुण लिहायचे. पाळी संपताना एकत्र बसून भरलेले तक्ते ओळखू येतात, त्यांत दिवसभराचे आकडे सारखेच असतात.

पहिले तीन दिवस काहीही बदल न करता फक्त नोंदी घेतल्या. हात लावण्याआधी आजींचे गुण १ असायचे, तेही कपाळावरच्या बारीक आठीमुळे. अंग पुसताना ते ८ वर जायचे: श्वास १, आवाज २, चेहरा २, अंग २, समजूत १. दुपारी ० किंवा १. संध्याकाळी ५: श्वास ०, आवाज २, चेहरा १, अंग १, समजूत १. एका ओळीच्या नोंदींमधून मात्र वेगळीच गोष्ट पुढे आली. तोंड पुसताना त्या शांत असत, पाय धुताना शांत असत, उजव्या कुशीवर वळवलं तरी फारसं काही नसे. ओरडणं सुरू व्हायचं ते डावा हात सदऱ्यातून काढताना, आणि त्यानंतर पुढचं सगळं काम बिघडायचं. सकाळचं काम ‘एक घटना’ म्हणून पाहणाऱ्याला हा क्रम दिसत नाही.

जागा नक्की करण्यासाठी आम्ही मोबिड-२ या दुसऱ्या तक्त्याची पद्धत उसनी घेतली. तो नॉर्वेमध्ये तयार झाला. त्यात काळजी घेणारा माणूस सांगून, हळूहळू पाच हालचाली करवून घेतो: दोन्ही हातांच्या मुठी उघडणं, दोन्ही हात डोक्याच्या दिशेनं वर नेणं, गुडघे आणि खुबे वाकवून सरळ करणं, दोन्ही कुशींवर वळणं आणि पलंगाच्या कडेला उठून बसणं. दर हालचालीला आवाज, चेहरा आणि अंग चोरणं पाहायचं आणि वेदना दिसली की तिथेच थांबायचं. पुढे न्यायचं नाही. कुठवर हात जातो हे मोजण्याची ही जागा नव्हे. आजींची मूठ सहज उघडली. उजवा हात कानापर्यंत गेला. डावा हात खांद्याच्या उंचीला पोचण्याआधीच चेहरा पिळवटला आणि उजव्या हातानं त्यांनी आमचं मनगट धरलं. फाइलमध्ये ‘मारतात’ असं लिहिलेलं होतं ते हेच. दुखरा हात ओढणाऱ्याला रोखण्यासाठी त्यांच्याकडे उरलेला दुसरा हात एवढंच साधन होतं.

इथे लगेच गोळीकडे धावू नये. अंगावर सापडण्यासारखी कारणं आधी शोधायची: तोंडात हललेला दात किंवा कवळीनं पडलेली जखम, टाचा आणि माकडहाडावरची कातडी, पोट फुगलं आहे का, शौचाला कधी झाली, लघवी अडली किंवा तिला जळजळ आहे का, पायाची नखं, घट्ट बसलेला मोजा. शौचाच्या नोंदीचा कागद आम्ही वेदना-तक्त्याच्या मागेच लावतो, कारण दोन्ही एकत्र पाहिले नाहीत तर बद्धकोष्ठतेचे गुण खुशाल सांधेदुखीच्या खात्यात जमा होतात. आजींच्या बाबतीत यातलं काही निघालं नाही. डॉक्टरांनी खांदा तपासला. पडल्याची खूण, सूज, हाडाची ठेवण बदललेली, असं काही नव्हतं. जुना आखडलेला सांधा, असं निदान झालं.

डॉक्टर येईपर्यंतच्या दोन दिवसांत कपडे बदलण्याची पद्धत आम्ही बदलून टाकली होती. दुखऱ्या हाताचा नियम सोपा आहे: घालताना दुखरा हात आधी, काढताना दुखरा हात शेवटी. डोक्यावरून घालायचे सदरे बंद करून पुढून उघडणारे घेतले. काखेत हात घालून उचलणं थांबवलं. डावा हात कोपर आणि मनगट दोन्हीकडून आधार देत, अंगालगत ठेवूनच पुसला. काख पुसायला हात वर नेण्याऐवजी थोडा पुढे सरकवला की पुरेशी जागा मिळते. एवढ्यानं सकाळचे गुण ८ वरून ६ वर आले: श्वास ०, आवाज १, चेहरा २, अंग २, समजूत १. आवाज आणि श्वास उतरले, चेहरा तसाच. म्हणजे वेदना कमी वेळा होत होती, पण होत होती.

मग औषध. डॉक्टरांनी पॅरासिटामॉल ठरलेल्या वेळेला सुरू केलं, वजन ४६ किलो असल्यामुळे ५०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, आणि गिळताना ठसका लागत असल्यानं पातळ स्वरूपात. इथले आकडे आजींचे आहेत. वजन, यकृत, इतर औषधं पाहून मात्रा डॉक्टरच ठरवणार. आणि सर्दीच्या औषधातूनही पॅरासिटामॉल पोटात जात नाही ना, हे तपासायचं. महत्त्वाचे शब्द ‘ठरलेल्या वेळेला’ हे आहेत. ‘गरज पडल्यास द्यावे’ असं लिहिलेलं औषध मागता येणाऱ्या माणसासाठी असतं. ज्याला मागता येत नाही, त्याच्या बाबतीत त्या ओळीचा अर्थ बहुधा ‘देऊ नये’ असाच होतो. तोंडावाटे घेतलेल्या पॅरासिटामॉलचा गुण यायला अर्धा ते एक तास लागतो, म्हणून सकाळची मात्रा अंग पुसण्याच्या तासभर आधी दिली आणि कामाची वेळ त्याप्रमाणे पुढे ढकलली. नाष्ट्याआधी सगळ्यांचं आवरलंच पाहिजे, असा हट्ट असलेल्या ठिकाणी हा बदल औषधापेक्षा अवघड जातो.

तिसऱ्या दिवसापासून सकाळचे गुण ३ वर स्थिरावले: आवाज १, चेहरा १, समजूत १. हात काढताना कण्हत, आठ्या पडत, बोलत राहिलं की शांत होत. ओरबाडणं थांबलं. तुलना मात्र त्याच माणसाची, त्याच हालचालीची आणि शक्यतो त्याच वेळेची करायची. दुपारी खुर्चीतला ० घेऊन ‘औषध लागू पडलं’ म्हणणं म्हणजे स्वतःची फसवणूक.

आता संध्याकाळचे ५. ते औषधानंतरही ५ च राहिले, त्याच वाटणीनं. दुपारची मात्रा थोडी उशिरा देऊन पाहिली, तरी फरक नाही. सकाळच्या ओळीशी तुलना केल्यावर कळलं की ही वेगळी गोष्ट आहे. हालचालीशी संबंध नाही, खांदा चोरणं नाही, चेहरा पिळवटलेला नाही तर घाबरलेला. खिडकीतला उजेड गेला की हाका सुरू होत. खोलीतले दिवे अंधार पडायच्या आधीच लावले, खुर्ची माणसांच्या वावरात आणली, कुणीतरी हात धरून बसलं, की गुण १-२ वर येत. एकूण आकडा ‘मध्यम वेदना’ या खान्यात बसत होता, पण ती वेदना नव्हती, भीती होती. पेनॅड त्रास दाखवतो. तो त्रास कशाचा, हे तो सांगत नाही. भूक, थंडी, लघवीची घाई, अनोळखी हात यांनीही हेच गुण वाढतात.

म्हणून १ ते ३ सौम्य, ४ ते ६ मध्यम, ७ ते १० तीव्र, ही छापील विभागणी आम्ही सैल हातानं वापरतो. बोलू शकणारा माणूस ‘दहापैकी सात दुखतंय’ म्हणतो तो सात आणि हा सात एकच नव्हेत. इथे सात म्हणजे वागण्यातल्या खुणांची बेरीज. खुणा कमी दाखवणाऱ्याला वेदना कमीच असते, असं त्यातून निघत नाही.

काही रुग्णांत तर एकेक रकाना आधीच बिघडलेला असतो. दम्याच्या किंवा हृदय कमजोर असलेल्या रुग्णाचा श्वास वेदना नसतानाही १-२ गुण घेतो. पार्किन्सनमध्ये चेहरा मुखवट्यासारखा थिजलेला असतो, तो वेदनेतही ० देऊ शकतो. आखडलेल्या हातापायांच्या रुग्णाच्या मुठी कायमच आवळलेल्या असतात. उपाय एकच: निवांत अवस्थेतले त्याचे स्वतःचे गुण सुरुवातीलाच लिहून ठेवायचे आणि त्यावर किती चढ झाला ते पाहायचं. गुंगीच्या औषधांवरच्या रुग्णाचा कमी आकडा तर मुळीच मानू नये. तिथे वेदनेची खूण दबलेली असते. आजींना आधीच शांत करणारं औषध सुरू झालं असतं, तर तक्ता सुंदर दिसला असता आणि खांदा तसाच राहिला असता. बेटिना हुसेबो आणि सहकाऱ्यांनी नॉर्वेतल्या नर्सिंग होममध्ये ३५२ रुग्णांवर केलेला, २०११ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास नेमका याच वळणावरचा आहे: डिमेन्शियातल्या अस्वस्थ रुग्णांना आठ आठवडे वेदनेवर पायरीपायरीनं उपचार दिले, सुरुवात बहुतेकांत पॅरासिटामॉलनं, आणि नेहमीची देखभाल मिळालेल्या गटापेक्षा त्यांची अस्वस्थता लक्षणीय कमी झाली.

पेनॅडमध्ये एक गोष्ट मुळातच नाही. गप्प होणारे रुग्ण त्याला सापडत नाहीत. जेवण अर्ध्यावर सोडणं, दिवसा झोपून राहणं, नेहमीच्या माणसाकडे न बघणं, चालणाऱ्यानं अचानक चालणं टाकणं, नेहमीपेक्षा जास्त गोंधळणं या खुणांना पाच रकान्यांत जागा नाही. अमेरिकन जेरिअ‍ॅट्रिक्स सोसायटीच्या २००२ च्या मार्गदर्शक सूचनांत वागण्याच्या सहा प्रकारच्या खुणा दिल्या आहेत, त्यांत हे बदल येतात. आम्ही तक्त्याखाली ‘नेहमीपेक्षा वेगळं काय?’ अशी एक रिकामी ओळ ठेवतो. ती रोज भरणारा माणूस बदलता नसावा, कारण ‘नेहमी’ काय ते त्यालाच ठाऊक असतं. आजींच्या त्या ओळीत औषध सुरू झाल्यावर एका सकाळी नोंद आली: ‘डाव्या कुशीवर आपण होऊन वळल्या.’ गुणांत याचा मागमूस नव्हता.

घडी बसल्यावर चार वेळांची नोंद आठवड्यातून एका सकाळवर आणली, अंग पुसतानाची. पॅरासिटामॉल किती दिवस चालू ठेवायचं, हे डॉक्टरांनी तक्ता पाहून दर महिन्याला ठरवायचं. मात्रा कमी केली तर पुढचे तीन दिवस सकाळी पुन्हा पाचही गुण वेगळे लिहायचे. पडणं, ताप, नवीन औषध, रुग्णालयातून परत येणं, किंवा त्या रिकाम्या ओळीत काहीही नवं दिसणं, यांपैकी काही घडलं तर त्याच दिवसापासून चारही वेळा परत सुरू.